मृत्युपत्र न करता मृत झालेल्या हिंदू पुरुषाच्या संपत्तीची वाटणी

मृत्युपत्र न करता मृत झालेल्या हिंदू पुरुषाच्या संपत्तीची वाटणी भारतात हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ या कायद्यानुसार होते. हा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला व मराठीत तो सामान्यतः 'हिंदू वारसा कायदा' या नावाने ओळखला जातो. या कायद्याच्या कलम ८ ते १० प्रमाणे मृताची विधवा, त्याचे मुलगे, त्याच्या मुली आणि त्याची आई हे सर्व एकाच वेळी वारस ठरतात व प्रत्येकाला समान हिस्सा मिळतो. मृताच्या हयातीतच एखादा मुलगा किंवा मुलगी मृत झाली असेल, तर तिच्या अथवा त्याच्या शाखेला मिळून एक हिस्सा दिला जातो. मृताने वैध मृत्युपत्र केले असेल, तर त्यात उल्लेखिलेल्या संपत्तीला हे नियम लागू होत नाहीत.

## व्याप्ती

या कायद्यापुरती 'हिंदू' या संज्ञेत बौद्ध, जैन आणि शीख यांचाही समावेश होतो. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा लागू होत नाही. त्यांच्यात रूढीप्रमाणे वारसा ठरतो. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालू असून तेथील वारसा गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने ठरतो. त्या पद्धतीत पतिपत्नींची संपत्ती सामाईक मानली गेल्यास जिवंत जोडीदाराचा निम्मा भाग आधी बाजूला काढतात. महाराष्ट्रात अशी पद्धत नाही. 'अर्धे बायकोचे, उरलेले मुलांचे' ही समजूत काही कुटुंबांत आढळते. परंतु हिंदू वारसा कायद्यात तिला आधार नाही.

## पूर्वपीठिका

१९५६ पूर्वी महाराष्ट्रात मिताक्षरा व व्यवहारमयूख या ग्रंथांवर आधारलेला हिंदू कायदा चालत असे. त्यात मुलगा, नातू व पणतू यांचा क्रम पहिला होता. त्यांच्यापैकी कोणी हयात असताना विधवा, मुलगी किंवा आई यांना वारसाहक्क मिळत नसे, त्यांचा हक्क पोटगीपुरता असे. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या संपत्तिविषयक हक्कांच्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला; परंतु तो हयातीपुरता होता, आणि मुलगी व आई यांचे स्थान पूर्वीसारखेच राहिले.

१९५६ च्या कायद्याने दोन मूलभूत बदल केले. मुलगी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गात बसविले, आणि कलम १४ अन्वये स्त्रीला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा केला. त्यामुळे विधवा किंवा आई आपला हिस्सा विकू शकते, दान करू शकते अथवा मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. विधवेने पुढे पुनर्विवाह केला, तरी पतीकडून एकदा मिळालेला हिस्सा तिच्याकडून काढून घेता येत नाही.

## पहिल्या वर्गाचे वारस

कायद्याच्या परिशिष्टात वारसांचे वर्ग दिलेले आहेत. पहिल्या वर्गातील एकही वारस हयात असेल, तर दुसऱ्या वर्गातील कोणालाही काही मिळत नाही. पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा व आई हे चार मुख्य वारस असून बाकीचे वारस पूर्वमृत मुलामुलींच्या शाखांतील आहेत. पूर्वमृत मुलाच्या शाखेत त्याची विधवा व मुले येतात. पूर्वमृत मुलीच्या शाखेत फक्त तिची मुले येतात. जावई वारस नसतो.

मृताचा पिता पहिल्या वर्गात नाही. तो दुसऱ्या वर्गात पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून मृताचे आईवडील दोघेही हयात असतील, तर आईला हिस्सा मिळतो आणि वडिलांना मिळत नाही. मृताचे भाऊ व बहिणीही दुसऱ्या वर्गातील असल्याने विधवा, मूल किंवा आई यांपैकी एकजण जरी हयात असला, तरी त्यांना हक्क राहत नाही.

वारस कोण हे मृत्यूच्या क्षणी ठरते. त्या वेळी पुढील व्यक्तींची स्थिती विशेष पाहावी लागते :

* विधवा : कायदेशीर विवाह झालेली व घटस्फोट न झालेली पत्नी. ती पतीपासून वेगळी राहत असली तरी तिचा हक्क टिकतो. पहिली पत्नी हयात असताना व विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह रद्दबातल असल्याने दुसऱ्या स्त्रीला विधवा म्हणून हिस्सा मिळत नाही. मात्र तिच्या पोटी झालेल्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे पित्याच्या संपत्तीत हक्क आहे.
* मुले : औरस व विधिवत दत्तक घेतलेली मुले. मुलगी विवाहित असली तरी तिचा हिस्सा तेवढाच राहतो. पित्याच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले व पुढे जिवंत जन्मलेले मूल आधीच जन्मले होते असे समजून हिस्सा धरला जातो. पत्नीला आधीच्या पतीपासून झालेले सावत्र मूल, दत्तक घेतलेले नसल्यास, वारस नसते.
* आई : जन्मदात्री आई, किंवा मृत हा दत्तक असल्यास दत्तक आई. सावत्र आई 'आई' या शब्दात येत नाही; ती पित्याची विधवा म्हणून दुसऱ्या वर्गात बरीच खाली येते.

ज्याने मृताचा खून केला किंवा खुनास साहाय्य केले, त्याला कलम २५ अन्वये वारसा मिळत नाही.

## हिस्से मोजण्याची रीत

कलम १० मध्ये चार नियम आहेत. पहिल्या नियमाने विधवेला एक हिस्सा मिळतो. १९५५ पूर्वीच्या वैध बहुपत्नी विवाहांमुळे एकाहून अधिक विधवा असतील, तर त्या सर्वांना मिळून एकच हिस्सा मिळतो. दुसऱ्या नियमाने हयात असलेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी व आई यांना प्रत्येकी एक हिस्सा मिळतो. तिसऱ्या नियमाने प्रत्येक पूर्वमृत मुलाच्या अथवा मुलीच्या शाखेला मिळून एक हिस्सा मिळतो. चौथा नियम त्या शाखेतील अंतर्गत वाटणी सांगतो : मुलाच्या शाखेत त्याची विधवा व मुले समान वाटेकरी, तर मुलीच्या शाखेत केवळ मुले समान वाटेकरी असतात.

मोजणीचा क्रम असा असतो. प्रथम मृताची स्वतःची संपत्ती कोणती हे ठरवून तिच्यातून कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा करतात. नंतर किती हिस्से पडतात हे मोजतात. येथे शाखा एकच धरायची, तिच्यातील माणसे मोजायची नाहीत. शेवटी शाखेचा हिस्सा शाखेत वाटतात. सर्व अपूर्णांकांची बेरीज १ आली पाहिजे. ती १ न आल्यास एखादा वारस सुटला किंवा एखाद्याची दुबार मोजणी झाली असे समजावे.

### उदाहरण

एक गृहस्थ मृत्युपत्र न करता मृत झाला. त्याने नोकरीच्या उत्पन्नातून घेतलेली सदनिका ४५ लाख रुपयांची, बँकेतील ठेवी १८ लाखांच्या आणि विकत घेतलेली शेतजमीन १४ लाखांची आहे. कर्ज व अंत्यविधीचा खर्च २ लाख आहे. त्याचे वडील पूर्वीच वारले आहेत. मागे आई, विधवा, एक मुलगा व एक विवाहित मुलगी आहेत. दुसरा मुलगा पित्याच्या आधी मृत झाला असून त्याची विधवा, एक मुलगा व एक मुलगी हयात आहेत.

एकूण संपत्ती ७७ लाख, देणी वजा जाता ७५ लाख राहते. आई, विधवा, मुलगा, मुलगी आणि पूर्वमृत मुलाची शाखा असे पाच हिस्से पडतात. प्रत्येक हिस्सा १/५, म्हणजे १५ लाख रुपयांचा होतो. पूर्वमृत मुलाच्या शाखेत तीन वाटेकरी असल्याने सून, नातू व नात यांना प्रत्येकी १/१५, म्हणजे ५ लाख मिळतात.

| वारस | हिस्सा | रक्कम |
|---|---|---|
| आई | १/५ | १५ लाख |
| विधवा | १/५ | १५ लाख |
| मुलगा | १/५ | १५ लाख |
| विवाहित मुलगी | १/५ | १५ लाख |
| पूर्वमृत मुलाची विधवा | १/१५ | ५ लाख |
| पूर्वमृत मुलाचा मुलगा | १/१५ | ५ लाख |
| पूर्वमृत मुलाची मुलगी | १/१५ | ५ लाख |

हयात असलेल्या मुलालाही अपत्ये असतील, तर त्या नातवंडांना आजोबांच्या या संपत्तीत हिस्सा नाही, कारण त्यांचा पिता हयात आहे. कलम ८ प्रमाणे पित्याकडून मुलाला मिळालेली अशी संपत्ती त्या मुलाची स्वतंत्र संपत्ती ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात (१९८६) स्पष्ट केले.

रकमांचे हे आकडे मूल्य दाखविण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात वाटप होईपर्यंत सदनिका, ठेवी व जमीन या तिन्हींत प्रत्येक वारसाचा तेवढा अविभक्त हिस्सा असतो. एका वारसाने परस्पर सदनिका स्वतःची समजून विकली, तर खरेदीदाराला त्या वारसाच्या हिश्शापलीकडे काही मिळत नाही. एखाद्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असल्यास पहिल्या वर्गातील इतर वारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क कलम २२ ने दिला आहे.

## आईच्या हिश्शाचा पुढील प्रवास

तरुण वयात पुरुष मृत झाल्यास वाद बहुधा विधवा व सासू यांच्यात उद्भवतो. विधवा आणि दोन लहान मुले असलेल्या घरात आईचा हिस्सा १/४ येतो. आईचा हा हक्क तिच्या गरजेवर अवलंबून नाही. तिला दुसरे मुलगे सांभाळत असले, तिच्या नावावर स्वतःची संपत्ती असली किंवा ती मृत मुलापासून वेगळी राहत असली, तरी हिस्सा तेवढाच राहतो. तसेच विधवेने सासूला सांभाळले नाही, या कारणाने विधवेचा हिस्सा कमी होत नाही.

आई मुलानंतर थोड्याच दिवसांत वारली, तरी तिचा हिस्सा मूळ वारसांकडे परत जात नाही. मुलाच्या मृत्यूच्या क्षणीच तो तिचा झालेला असतो, आणि पुढे तो तिच्या स्वतःच्या वारसांकडे जातो. तिने मृत्युपत्र केले नसल्यास कलम १५ प्रमाणे तिचे मुलगे, मुली, पती आणि पूर्वमृत मुलामुलींची मुले हे तिचे पहिले वारस असतात. या यादीत सुनेचा समावेश नाही.

वरील उदाहरणातील आई पुढे मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मृत गृहस्थाव्यतिरिक्त एक मुलगी आहे असे धरले, तर तिच्या १५ लाखांचे दोन भाग पडतात. साडेसात लाख त्या मुलीला, म्हणजे गृहस्थाच्या बहिणीला मिळतात. उरलेले साडेसात लाख गृहस्थाच्या हयात मुलाला व मुलीला, प्रत्येकी पावणेचार लाख याप्रमाणे मिळतात. गृहस्थाच्या विधवेला यातील काही मिळत नाही. त्याच्या पूर्वमृत मुलाच्या अपत्यांनाही नाही, कारण कलम १५ मधील ही तरतूद पूर्वमृत मुलाच्या मुलांपाशी थांबते. अशा रीतीने भावाच्या संपत्तीत थेट हक्क नसलेली बहीण आईच्या मार्गाने तिच्यात हिस्सेदार होते.

## एकत्र कुटुंबाची संपत्ती असल्यास

वरील हिशेब मृताच्या स्वतंत्र संपत्तीला लागू पडतो. संपत्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर आधी तिच्यातील मृताचा स्वतःचा भाग काढावा लागतो. त्यासाठी मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटप झाले असे कायदा गृहीत धरतो. याला काल्पनिक वाटप म्हणतात. त्या वाटपात मृताला जो भाग मिळाला असता, तेवढाच कलम ८ व १० प्रमाणे वारसांत विभागला जातो.

ही दोन पायऱ्यांची रीत गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम (१९७८) या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यामुळे स्थिर झाली. त्या प्रकरणात पती १९६० मध्ये मृत झाला होता. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. तत्कालीन कायद्याप्रमाणे काल्पनिक वाटपात पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ भाग पडला. मुलींना त्या पायरीवर भाग नव्हता. नंतर पतीचा १/४ भाग सहा वारसांत वाटल्यावर प्रत्येकाला १/२४ मिळाला. विधवेचा एकूण हिस्सा १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४ झाला. प्रत्येक मुलाला तेवढाच हिस्सा मिळाला, तर प्रत्येक मुलीला केवळ १/२४.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्यदुरुस्ती करून, ती अमलात येण्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित व अविवाहित सर्व मुलींना हा हक्क मिळाला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुलीचा हक्क जन्माने असल्यामुळे २००५ च्या त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे ठरविले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे मात्र पुन्हा उघडता येत नाहीत.

मगदूम कुटुंबासारखीच रचना आजच्या कायद्याने पाहिली, तर काल्पनिक वाटपात पती, पत्नी, दोन मुलगे व तीन मुली असे सात भाग पडतात. पतीचा १/७ भाग सहा वारसांत वाटल्यावर प्रत्येकाला १/४२ मिळतो आणि १/७ अधिक १/४२ म्हणजे प्रत्येकाचा एकूण हिस्सा १/६ होतो. मृताची आई हयात असल्यास ती दुसऱ्या पायरीवर, मृताच्या भागात, इतरांच्या बरोबरीने वाटेकरी होते. त्यामुळे एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत तिचा हिस्सा स्वतंत्र संपत्तीतील हिश्शापेक्षा बराच लहान असू शकतो. एखादी जमीन स्वतंत्र की एकत्र कुटुंबाची, हा प्रश्न म्हणूनच न्यायालयात सर्वाधिक लढविला जातो. जमीन कोणत्या वर्षी, कोणाकडून आणि कोणत्या पैशातून आली, हे जुन्या फेरफार नोंदींवरून व खरेदीखतांवरून पाहावे लागते.

## नामनिर्देशन, नोंदी व हक्कसोड

बँकेतील ठेवी, समभाग किंवा गृहनिर्माण संस्थेतील सदनिका यांसाठी नेमलेली नामनिर्देशित व्यक्ती संपत्तीची मालक होत नाही. ती संपत्ती स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम असते. समभागांबाबत ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात (२०२३) पुन्हा मांडली. वरील उदाहरणातील १८ लाखांच्या ठेवींवर केवळ मुलाचे नामनिर्देशन असते, तरी बँकेकडून रक्कम स्वीकारल्यावर इतर वारसांचे हिस्से त्याच्याकडे येणे राहिले असते. आयुर्विम्याच्या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने अपवाद केला आहे. तेथे आईवडील, पतिपत्नी किंवा मुले यांना नामनिर्देशित केल्यास त्या रकमेचा लाभ त्यांनाच मिळतो. कुटुंब निवृत्तिवेतन हे सेवानियमांप्रमाणे पात्र व्यक्तीला मिळते व ते मृताच्या संपत्तीत धरले जात नाही.

शेतजमिनीबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. त्यानंतर फेरफार नोंद होऊन सातबारा उताऱ्यावर वारसांची नावे लागतात. ही नोंद महसुलाच्या कामासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही. आई, विधवा किंवा बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही, म्हणून तिचा हिस्सा गेला असे होत नाही. मात्र नाव नसल्यास जमीन परस्पर विकली जाण्याचा धोका असतो. म्हणून वारसांची संपूर्ण यादी पहिल्या फेरफारातच आलेली आहे की नाही, हे तपासून घेणे हितावह ठरते.

बँक ठेवी व रोखे वसूल करण्यासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली दिवाणी न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्रात स्थावर मिळकतीसह वारसपणाची औपचारिक ओळख हवी असल्यास १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला घेण्याची पद्धत आहे. हे दाखले हिस्से ठरवीत नाहीत; हिश्शांचा वाद असल्यास वाटपाचा दावा करावा लागतो.

एखाद्या वारसाला आपला हिस्सा इतरांना सोडून द्यावयाचा असल्यास स्थावर मिळकतीसाठी हक्कसोड पत्र करून त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. तलाठ्यापुढे दिलेले तोंडी संमतीचे निवेदन, किंवा 'माझी हरकत नाही' असा साधा कागद, यामुळे स्थावर मिळकतीतील हिस्सा जात नाही. मृत्यूपूर्वी लिहून दिलेल्या हक्कसोड पत्राचाही येथे सामान्यतः उपयोग नसतो, कारण जिवंत माणसाच्या संपत्तीत वारसाला हक्क प्राप्त झालेला नसतो व मिळण्याची केवळ आशा हस्तांतरित करता येत नाही. अज्ञान वारसाच्या स्थावर मिळकतीतील हिस्सा पालकाला न्यायालयाच्या परवानगीखेरीज विकता अथवा सोडून देता येत नाही.